न कापलेला ताव मागा

पुण्यातल्या एका लहान प्रकाशकाचं मुलांसाठीचं सचित्र पुस्तक आहे असं धरू. 64 पानं, चार रंगांत छपाई, गोंदाची बांधणी, प्रती 1000. गठ्ठे घरी आले आणि पहिलीच प्रत उघडली तर जंगलाची हिरवाई निळसर दिसते, बाहेरचा समास अरुंद झालाय आणि पानाच्या कडेला असलेल्या माकडाचं शेपूट कापलं गेलंय. अशा वेळी रागाच्या भरात जे पत्र जातं, त्यात साधारण एवढंच असतं: ‘रंग बिघडले आहेत, समास कापले आहेत, आम्ही फार नाराज आहोत.’ मुद्रकाचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘तुमच्या पीडीएफमध्ये होतं तेच छापलं.’ पत्रव्यवहार तिथेच अडतो, कारण दोष फाइलमध्ये होता की छापखान्यात, हे नाराजीवरून ठरत नाही.

ते मोजमापावरून ठरतं. म्हणून पत्राआधी फूटपट्टी हातात घ्यायची.

या पुस्तकाचं ठरलेलं पान 140 बाय 216 मिलिमीटर. फाइलमध्ये आतला समास 18, मजकुराची ओळ 107 आणि बाहेरचा समास 15 मिलिमीटर, म्हणजे बेरीज बरोबर 140. छापील प्रतीत तीन गोष्टी मोजायच्या: पानाची रुंदी, ओळीची लांबी आणि बाहेरचा समास. ओळच 107 पेक्षा कमी भरली, तर छपाईआधी पान लहान करून बसवलं गेलंय. ओळ 107 आणि पान 140 भरूनही बाहेरचा समास कमी असेल, तर मजकूर सरकलाय आणि उरलेली जागा बांधणीत गेलीय. आपल्या पुस्तकात ओळ 107 भरली, पण पान 135 आणि बाहेरचा समास 10. म्हणजे मजकूर जागच्या जागी आहे, कटिंग 5 मिलिमीटर आत झालंय. कटिंगमध्ये एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच आणि त्यावरून भांडू नये. पाच हा मात्र फरक नव्हे, चूक आहे.

पण बाइंडर इतकं आत का कापेल? याचं बहुधा सापडणारं कारण ब्लीडमध्ये असतं. पानाच्या कडेपर्यंत जाणारं चित्र कडेवरच संपवत नाहीत, ते चारही बाजूंनी 3 मिलिमीटर बाहेर वाढवतात. पाती थोडी इकडेतिकडे झाली तरी पांढरी रेघ दिसू नये, यासाठी ही सोय. तावावर पानं मांडताना हा वाढीव भाग गळाला की कडेला पांढरी पट्टी उमटते, आणि ती घालवायला बाइंडर पाती आत सरकवतो. पट्टी जाते, तिच्याबरोबर समास आणि माकडाचं शेपूटही जातं.

म्हणून प्रकाशकाने आधी स्वतःची फाइल तपासावी. पीडीएफचं पूर्ण माप 146 बाय 222 आणि त्यात नोंदलेला TrimBox 140 बाय 216 असेल, शिवाय चित्र खरोखर त्या बाहेरच्या मापापर्यंत पोचत असेल, तर ब्लीड दिलेला होता. फाइलच 140 बाय 216 ची निघाली, तर कडेची मूळ चूक प्रकाशकाकडची. मुद्रकाने पाती आत सरकवण्याआधी विचारायला हवं होतं, इतकंच मग म्हणता येतं.

रंगांचा तपास जास्त नाजूक आहे. ‘रंग सरकले’ म्हणताना लोक दोन वेगळे दोष एकत्र करतात. एकात चार रंगांच्या प्लेटा एकमेकींवर नीट बसलेल्या नसतात. अशा वेळी भिंगाखाली आकाराच्या एका कडेला निळी किंवा गुलाबी किनार दिसते. दुसऱ्यात प्लेटा जागेवर असतात, पण एखादी शाई जास्त किंवा कमी पडते आणि पूर्ण छटाच बदलते. आपल्या पुस्तकात किनार नाही, छटा बदललीय, म्हणून पत्रात तसंच लिहायचं.

इथेही आधी फाइल बघावी. अ‍ॅक्रोबॅट प्रोमधल्या Output Preview मध्ये कर्सर हिरव्या भागावर नेला की चारही शायांचं प्रमाण टक्क्यांत दिसतं. चित्रं आरजीबीतच राहिली असतील, तर त्यांचं सीएमवायकेत रूपांतर कुणी, कसं करायचं हे ठरलेलं नव्हतं. मग सगळा दोष मुद्रकावर ढकलता येत नाही. पडद्यावर हिरवं जास्त झळकत होतं, हा तर पुरावाच नव्हे, कारण पडद्यावरचे काही भडक रंग शाईत येतच नाहीत.

समजा, फाइल सीएमवायकेतच आहे आणि पान 20 व पान 36 वर हिरव्याचं प्रमाण तंतोतंत सारखं आहे. कागदही एकच. तरीही छापील 20 बरोबर आणि 36 निळसर. याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो. पुढे बिघडलेल्या पानांची यादी करावी: 33, 36, 37, 40, 41, 44, 45, 48. सोळा पानी फर्म्याची घडी ज्याने उलगडून पाहिलीय, त्याला ही यादी लगेच ओळखू येईल. तिसऱ्या फर्म्याच्या तावाची ती एक बाजू आहे. 34, 35, 38, 39 ही मागची बाजू ठीक आहे. म्हणजे ती बाजू मशीनवर असताना निळी शाई जास्त सुटली. फाइल त्याला कारण असू शकत नाही.

आता पत्र लिहिता येतं:

‘सप्रेम नमस्कार. आपण छापलेल्या पुस्तकाच्या प्रती काल मिळाल्या. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या दहा प्रती तपासल्या, त्यांत दोन दोष आढळले. एक, पानाची रुंदी 140 ऐवजी 135 मि.मी. भरते, ओळीची लांबी मात्र फाइलप्रमाणे 107 मि.मी. आहे. दोन, तिसऱ्या फर्म्याच्या एकाच बाजूवर निळी शाई जास्त पडली आहे. पान 20 आणि पान 36 शेजारी ठेवून पाहावे. फाइलमध्ये चारही बाजूंना 3 मि.मी. ब्लीड असून रंग सीएमवायके आहेत. दोन सदोष प्रती आणि सही केलेल्या प्रूफची छायाचित्रे सोबत आहेत. प्रत्येक फर्म्याचा न कापलेला एक ताव कृपया जपून ठेवावा आणि आम्हाला पाहू द्यावा. तोवर प्रती वितरणात जाणार नाहीत.’

पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘ताव’. कापलेल्या पुस्तकातून कटिंगच्या खुणा, कडेची रंगपट्टी आणि ब्लीड हे सगळं कचऱ्यात गेलेलं असतं. न कापलेल्या तावावर ते शाबूत असतं. चित्र खुणांच्या बाहेर 3 मिलिमीटर गेलंय का, हे तिथे दिसतं आणि रंगपट्टीवर प्रत्येक शाईची घनता यंत्राने मोजता येते. मशीन लावतानाचे वाया गेलेले ताव छापखान्यात काही दिवस पडून असतात, नंतर रद्दीत जातात. म्हणून हे पत्र प्रती मिळाल्यावर लगेच गेलं पाहिजे.

प्रूफबद्दलही स्पष्ट असावं. छापखान्याने रंग जुळवून काढलेल्या आणि दोघांनी मान्य केलेल्या प्रूफशी तुलना करता येते. कार्यालयातल्या प्रिंटरवर काढलेल्या रंगीत पानाशी करता येत नाही.

मागणी काय करायची? ‘तिसरा फर्मा पुन्हा छापून द्या’ ही मागणी पहिल्यांदा रास्त वाटते, पण गोंदाच्या बांधणीत ती महाग पडते. पुस्तक उकलून पुन्हा बांधायचं, तर पाठ पुन्हा खरवडली जाते आणि तिन्ही कडा पुन्हा कापाव्या लागतात. 135 चं पान मग आणखी लहान होईल. दोष फक्त रंगाचा असता, तर बिलात सूट मागून प्रती ठेवता आल्या असत्या. इथे चित्रंच कापली गेलीत, म्हणून माझ्या मते पूर्ण पुनर्मुद्रणच मागावं. ब्लीड नेमका कुठे गळाला, हे ताव पाहून ठरेपर्यंत बिलाची उरलेली रक्कम थांबवत असल्याचंही त्याच पत्रात लिहावं. ताव छापखान्याची चूक दाखवत असेल, तर नव्या छपाईचा कागदही मुद्रकाचाच.