‘नाही’ म्हणजे नेमके काय?

मसुद्यातल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ या उत्तराचा अर्थ लिहून पाहावा. ‘नळाला पाणी वेळेवर आणि स्वच्छ येते का?’ याला ‘नाही’ आले, तर तक्रार वेळेची की गढूळपणाची, हे कळत नाही. त्याचे दोन प्रश्न करावेत. ‘त्रासदायक पाणीकपात’ यातले विशेषण उत्तर सुचवते, ते काढावे. संदिग्धता मात्र लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये रोपर संस्थेने ज्यूंचा संहार ‘घडलाच नाही, हे शक्य वाटते की अशक्य?’ असे विचारले. दुहेरी नकारात गोंधळून सुमारे २२ टक्के लोक ‘शक्य’ म्हणाले. १९९४ मध्ये सोप्या शब्दांत विचारल्यावर हे प्रमाण जेमतेम एक टक्का उरले. म्हणून पाच-सहा जणांना प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. अर्थ वेगवेगळे निघाले, तर प्रश्न बदलावा.