पायघडीचे माप, पायाचे माप

गांधीबागेतल्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर गेल्या महिन्यात एक वाद पेटला आणि तो तब्बल नऊ दिवस चालला. आमच्यातले एक कापडाचे व्यापारी. सगळे त्यांना भाऊच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. डॉक्टरांनी सांगितले, रोज दोन किलोमीटर चाला, त्याहून जास्त नको. भाऊ तेवढेच चालतात, हिशेबी माणूस. पण यंदा त्यांच्या मनाने घेतले की रामटेकचा गड पायऱ्यांनी चढायचा. मुलगा म्हणाला, गाडीने वरपर्यंत जाता येते. भाऊ म्हणाले, नवस पायांचा होता.

"सांगा बरं जी बँकवाले," त्यांनी मला विचारले, "नकाशावर हे अंतर दोन किलोमीटरच्या पुष्कळ आत येते. मग डॉक्टरांच्या हिशेबात बसते की नाही?"

लगेच दोन तट पडले. एक म्हणे, नकाशावरचे अंतर आडवे असते. चढावरचे अंतर तिरपे, म्हणून ते फार जास्त भरणार. दुसरा म्हणे, फरक नगण्य. तिसऱ्याच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ होते. गेल्या खेपेला त्याने गडावर जे अंतर वाचले, ते दोघांच्याही दुपटीच्या घरात होते. जन्मभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला असे तीन आकडे स्वस्थ बसू देत नाहीत. एका रविवारी नातवाला आणि मोजपट्टीला बरोबर घेऊन मी रामटेक गाठले. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर, दुपारच्या जेवणाला घरी परत.

पायरी ही मोठी सोयीची वस्तू आहे. तिच्यात दोन्ही मापे आयती वेगळी काढून ठेवलेली असतात. पाय ठेवतो ती रुंदी म्हणजे आडवे अंतर, आणि पाय उचलतो ती उंची म्हणजे उभे अंतर. जुन्या दगडी पायऱ्या एकसारख्या नसतात, म्हणून त्यातल्या त्यात सारख्या पायऱ्यांचा एक टप्पा धरला, बऱ्याच मोजल्या आणि हिशेबाला सोपी अशी ढोबळ सरासरी घेतली: रुंदी एक फूट, उंची सहा इंच. आता अशा १०० पायऱ्यांचा हिशेब करू.

रुंद्यांची बेरीज १०० फूट. नकाशा एवढेच अंतर दाखवतो, कारण नकाशा म्हणजे डोंगराची भरदुपारी थेट खाली पडलेली सावली. उंचीची बेरीज ५० फूट. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोण इथे उभा राहतो. १०० चा वर्ग १०,०००, ५० चा वर्ग २,५००, बेरीज १२,५००, आणि तिचे वर्गमूळ सुमारे ११२. म्हणजे पायऱ्यांच्या कडेने वरपासून खालपर्यंत कठड्याचा सरळ नळ लावायचा, तर तो ११२ फूट लागेल. हे झाले तिरपे अंतर.

सोमवारी कट्ट्यावर हे सांगितले तेव्हा भाऊंनी कापडवाल्याचा प्रश्न विचारला. "या पायऱ्यांवर पायघड्या घालायच्या तर कापड किती फाडायचं?" मी गडबडलो. उत्तर १०० नाही आणि ११२ सुद्धा नाही. कापड प्रत्येक पायरीच्या उंचीलाही चिकटून वर जाणार, म्हणून एका पायरीला दीड फूट, १०० पायऱ्यांना १५० फूट.

म्हणजे एकाच जिन्याची तीन खरी मापे झाली: नकाशाचे १००, कठड्याचे ११२, पायघडीचे १५०. चालणारा यातले कोणते कापतो? पायघडीचे नक्कीच नाही. ते मुंगीचे अंतर. आपला पाय पायरीच्या उभ्या अंगावरून सरपटत जात नाही. आपले शरीर, समजा कमरेचा करगोटा, थोडे खालीवर होत साधारण कठड्याला समांतर वर सरकतो. म्हणून माणूस चालतो ते तिरपे अंतर, ११२ फूट. "आडवे की तिरपे" या वादाचा निकाल तिरप्याच्या बाजूने लागला.

पण फरकाचा आकडाही पाहायला हवा. १०० ला १२ वाढले, तेही जिन्याइतक्या उभ्या चढावर. साधी डोंगरवाट इतकी उभी क्वचित असते. चार फुटांना एक फूट चढणारी वाट आपल्याला चांगलीच दमवते, पण तिथे नकाशावरच्या १ किलोमीटरचे तिरपे अंतर १,०३१ मीटर भरते, शेकडा तीनच जास्त. दहाला एक असा चढ असेल तर वाढ शेकडा अर्धी. ४५ अंशांचा कडा असेल तरच शेकडा ४१ वाढ होते, आणि तिथे माणूस चालत नाही, हात टेकतो. वाटेत सपाट चौथरे आले की वाढ आणखी उतरते. सर्वांत उभ्या जागेचा चढ मोजून तो साऱ्या वाटेला लावणे ही नेहमीची चूक.

मग नकाशाचे अंतर आणि पायाचे अंतर यांत चालणाऱ्याला जाणवते तेवढी तफावत कुठून येते? बहुतेक वेळा वळणांतून. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारात एक प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. डोंगरवाट दर वीस पावलांनी डावी-उजवी वळत असेल, तर ती नागमोड तेवढ्या जागेत काढताच येत नाही. काढणारा तिथे सरळ रेघ ओढतो. तिरपेपणाने शेकडा तीन खाल्ले असतील, तर वळणे त्याच्या कितीतरी पट खातात.

मनगटावरच्या घड्याळाची चूक उलट दिशेची. ते पावले मोजते आणि ठरलेल्या ढांगेने गुणते. सपाटीवर सव्वादोन फुटांची ढांग धरली असेल, तर पायरीला एक पाऊल या हिशेबाने १०० पायऱ्यांचे ते २२५ फूट सांगणार. प्रत्यक्षात ११२. दुप्पट आकड्याचे कोडे इथे सुटले. चढावर ढांग आखडते, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

तिरप्याचे आडवे करण्याचा हा खटाटोप आपल्या मुलखाला नवा नाही. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाटला वारला. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने साडेसात मैलांची पहिली पायारेषा मोजली, ती १०० फुटी पोलादी साखळीने. साखळी जमिनीवर टाकत नसत. तिपायांवर ठेवलेल्या लाकडी पन्हळींत ती ताणून धरत. जमीन तिथे वरवर सपाट दिसे, तरी प्रत्येक टप्प्याचा चढ-उतार वेगळा मोजून तिरपे अंतर आडव्यात उतरवले जाई आणि मग ते समुद्रसपाटीवर आणले जाई. एवढे केले नसते, तर त्या रेषेवर रचलेला प्रत्येक त्रिकोण फुगला असता. जमिनीच्या मोजणीतही तेच. उतारावर साखळी आडवी धरायची, खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा, तो टेकला तिथून पुढची साखळी. म्हणजे मोजणारे हवेत पायऱ्याच बांधत उतरतात. बँकेत कर्जाचे कागद तपासताना मला उतारावरच्या शेताचे मालक भेटत. टेपने मोजून आलेले, सातबाऱ्यावर जमीन कमी लावली म्हणून चिडलेले. टेपही खोटा नव्हता आणि सातबाराही. टेप तिरपा होता, सातबारा आडवा.

असो. भाऊंचा प्रश्न मात्र या सगळ्यातून अजून सुटला नव्हता. शंभराचे एकशे बारा झाल्याने हृदयाला काय फरक पडतो? इथे १८९२ मधला एक नियम उपयोगी पडला. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या वेळेचा अंदाज असा बांधला: नकाशावरच्या तीन मैलांना एक तास, आणि शिवाय चढलेल्या प्रत्येक दोन हजार फुटांना आणखी एक तास. आज हाच नियम पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर उंचीला एक तास असा सांगतात. त्याने तिरपे अंतर घेतलेच नाही. आडवे घेतले आणि उंची वेगळी लावली.

आपल्या १०० पायऱ्यांना हा नियम लावून पाहा. आडव्या १०० फुटांना सुमारे २२ सेकंद. तिरपेपणाने वाढलेल्या १२ फुटांना तीन सेकंदही नाहीत. आणि ५० फूट उंचीला सुमारे ९० सेकंद. खर्चाची मोठी रक्कम कोणत्या खात्यात आहे ते दिसते. वेळेच्या हिशेबाने एक फूट चढणे म्हणजे साधारण आठ फूट सपाटीवर चालणे. आपण आडवे की तिरपे म्हणून नऊ दिवस भांडलो, आणि बिल आले ते उभ्याचे.

या नियमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो थंड हवेतल्या, सरावाच्या, धडधाकट माणसांचा आहे. त्यात विसावा धरलेला नाही. विदर्भाच्या उन्हात आणि स्टेंट बसवलेल्या छातीला तो जसाच्या तसा लावू नये. शिवाय तो वेळ सांगतो, छातीवरचा ताण सांगत नाही. आठपट हा आकडा वेळेचाच आहे. उतरण्याचा वेगळा खर्चही त्यात नाही, आणि आमच्या वयाच्या गुडघ्यांना उतरणेच महाग पडते.

भाऊ डॉक्टरांकडे गेले. या वेळी त्यांनी किलोमीटर विचारले नाहीत. पायऱ्या अंदाजे किती, एक पायरी किती इंच, मध्ये बसायला जागा कुठे, हे चिठ्ठीवर लिहून नेले. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि आधी ट्रेडमिलची तपासणी करायला सांगितली. ती चाचणी मी बाहेरून काचेतून पाहिली. नेहमीच्या पद्धतीत पट्टा सुरुवातीलाच शंभराला दहा असा चढता असतो. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो आणि चढही वाढतो, बारा, मग चौदा. शंभराला दहा चढाने पट्ट्याची लांबी शेकडा अर्ध्यानेच वाढते. तरी हृदयाचे डॉक्टर पट्टा मुद्दाम वर उचलतात, कारण त्यांना चढाचा ताण पाहायचा असतो.

निकाल असा लागला: चढायला हरकत नाही, पण उन्हाआधी, वीस पायऱ्या झाल्या की थांबून, बोलताना धाप लागली तर तिथेच बसून, आणि छातीत जरा दुखले तर परत. उतरायचे मात्र गाडीने. गुरुवारी पहाटे आम्ही गेलो. प्रत्येक विसाव्याला भाऊ एक काडी मोडून खिशात टाकत होते. वर पोहोचल्यावर त्यांनी काड्या मोजल्या, विसाने गुणल्या, अर्ध्या फुटाने गुणल्या आणि आलेली उंची फुटांत मला सांगितली. अंतर किती झाले, हे त्यांनी विचारले नाही.