खोलीवाटपाची यादी : कागद उभा की आडवा?

जून-जुलैत प्रवेश आटोपले की रेणापूरच्या वसतिगृहात गृहपालांना खोलीवाटपाची यादी फलकावर लावायची घाई असते. संगणकावर तक्ता नीटनेटका दिसतो, पण छापताना शेवटचे दोन रकाने वेगळ्याच पानावर जाऊन पडतात. मग कुणीतरी ‘Fit All Columns on One Page’ निवडते. सगळे रकाने एका पानावर बसतात खरे, पण अक्षरे बारीक होतात आणि फलकापुढे मुलींची गर्दी तशीच राहते.

कागद ठरवण्याआधी रकाने मोजावेत. समजा, पंचवीस खोल्या आहेत आणि प्रत्येकीत चार मुली. अनुक्रमांकाला १० मिलिमीटर, पूर्ण नावाला ६२, वर्गाला २२, गावाला ३५ (पानगाव, खरोळा, पोहरेगाव एवढ्यात सहज मावतात), खोली आणि खाट क्रमांकाला १५-१५, पालकांच्या मोबाइलला २८ आणि सहीला ३०. बेरीज होते २१७. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. फाईलला भोके पाडण्यासाठी डावीकडे २० आणि उजवीकडे १० सोडले की उरतात १८०. म्हणजे उभ्या कागदावर ही यादी बसवायची तर ती ८३ टक्क्यांवर आणावी लागते आणि १३ पॉइंटचे अक्षर ११ च्याही खाली जाते.

देवनागरीला हे परवडत नाही. १३ पॉइंट म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आसपास, पण त्यात वरची वेलांटी आणि खालचा उकारही आला. मूळ अक्षराच्या वाट्याला साधारण दोन मिलिमीटर येतात, फॉन्टनुसार थोडे कमी-जास्त. निकोप डोळ्याला एक मीटरवरून जेमतेम दीड मिलिमीटरचे अक्षर ओळखता येते. अंतर दीडपट झाले की अक्षरही दीडपट हवे. ‘शिंदे’ आणि ‘शेंडे’ यांत फरक वेलांटी, मात्रा आणि एका अक्षराच्या वळणाचा. अक्षर आकसले की तोच आधी पुसट होतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : एक नव्हे, दोन याद्या छापाव्यात. फलकावरच्या यादीत मोबाइल आणि सही हे रकाने नकोतच. पालकांचे क्रमांक येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसणे मुलींच्या वसतिगृहात तर अजिबात योग्य नाही. ते वगळले की रुंदी १५९ उरते आणि यादी उभ्या ए-४ वर न आकसता बसते. ओळ आठ मिलिमीटरची धरली तर शीर्षक आणि समास सोडून पानावर तीस ओळी मावतात. तरी अठ्ठावीसच घ्याव्यात, म्हणजे सात खोल्या पूर्ण येतात आणि एका खोलीतल्या मुली दोन पानांत विभागल्या जात नाहीत. चार पानांत काम होते. कार्यालयाची आठ रकान्यांची यादी मात्र आडवी छापावी. तिथे पानावर जेमतेम एकोणीस ओळी, म्हणजे चार पूर्ण खोल्या येतात आणि पाने सात होतात. ती फाईलला लावायची असल्याने चालते. दोन्हींसाठी एक्सेलमध्ये Page Layout मधून Orientation निवडावे, Width ला 1 page आणि Height ला Automatic ठेवावे, आणि Print Titles मध्ये शीर्षकाची ओळ द्यावी, म्हणजे ती प्रत्येक पानावर येते. Scale ९० टक्क्यांखाली दिसले की रकाना कमी करावा किंवा कागद आडवा करावा.

फलक मोठा असेल तर उभ्या ए-४ ची प्रत झेरॉक्सच्या दुकानात १४१ टक्के वाढवून ए-३ वर घ्यावी. १३ पॉइंटचे अक्षर १८ चे होते आणि दीड मीटरवरूनही वाचता येते. कडा कापल्या जात नाहीत, कारण ए-मालिकेत लांबी ही रुंदीच्या १.४१४ पट असते. कागद मधोमध दुमडला तरी प्रमाण तेच राहते. गेऑर्ग लिश्टेनबर्ग या जर्मन वैज्ञानिकाने १७८६ सालच्या पत्रात हा गुण नोंदवला होता आणि १९२२ मध्ये जर्मनीने त्यावर मानक बांधले.

लीगल कागद या मालिकेतला नाही. तो ए-४ पेक्षा लांबीला ५९ मिलिमीटर जास्त, पण रुंदीला फक्त सहा. त्यामुळे उभ्या लीगलवर सातेक ओळी वाढतात, रकाना एकही वाढत नाही. रुंदी हवी असेल तर तो आडवाच वापरावा लागतो.

एक चूक नेहमी होते. संगणकात Size ला Letter आणि ट्रेमध्ये ए-४. लेटर १८ मिलिमीटरने आखूड असल्याने पानाच्या तळाशी रिकामी पट्टी दिसते आणि खोल्या भलत्याच ठिकाणी तुटतात. उलट Legal निवडून ए-४ घातला तर प्रिंटर अडून बसतो किंवा शेवटच्या ओळी कापल्या जातात.

तेव्हा आधी एकच पान छापा, टाचणीने फलकावर लावा आणि मुली उभ्या राहतील तिथून शेवटच्या ओळीतले नाव वाचून पाहा. वाचता आले, तरच उरलेली पाने काढा.