पद खाली येतंय तेव्हा द्यायचं पत्र: कारण, पगार आणि आता रिपोर्ट कोणाला

व्हिडिओत हा विषय थोडक्यात झाला. पण पत्राचा मजकूर ऐकून लक्षात राहत नाही, तो समोर लागतो. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन नीट बघूया.

समजा तुमचं भांड्यांचं आणि किचनच्या सामानाचं दुकान घाटकोपरला आहे आणि दुसरी शाखा मुलुंडला. दोन्हीकडे मिळून चौदा माणसं. मुलुंडला अकरा वर्षं जुने शाखा व्यवस्थापक आहेत. खरेदी, स्टॉक, पोरांच्या सुट्ट्या, गल्ला, सगळं तेच बघतात. आता तुम्ही दोन्ही दुकानांचं बिलिंग एका सॉफ्टवेअरवर आणलंत, खरेदी घाटकोपरहून एकत्र सुरू केलीत आणि दोन्ही शाखांवर मिळून एक ऑपरेशन्स मॅनेजर नेमलात. मुलुंडच्या व्यवस्थापकांकडे उरलं काउंटर आणि गिऱ्हाईक. त्यांचं नवं पद 'वरिष्ठ काउंटर प्रमुख'.

आपल्याकडे बहुतेक मालक हे चहा पिताना तोंडी सांगतात. "तुमचा ताण कमी केला हो!" म्हणतात आणि विषय संपवतात. समोरच्याला कळतं की आपल्याला खाली आणलंय, पण का आणलं ते कळत नाही. मग तो स्वतःच कारण शोधतो, आणि ते नेहमी वाईटच असतं: गल्ल्यात घोळ केला असं मालकाला वाटतंय का?

म्हणून पत्रात सगळ्यात आधी कारण यायला हवं, आणि ते पदाबद्दल असायला हवं, माणसाबद्दल नाही. स्वतःलाच एक प्रश्न विचारा: या खुर्चीत दुसरं कोणी असतं, तरी हे पद गेलंच असतं का? उत्तर 'हो' असेल तर ही खरी पुनर्रचना. उत्तर 'नाही' असेल, म्हणजे खरी तक्रार त्यांच्या कामाबद्दल असेल, तर हे पत्र देऊ नका. तो वेगळा विषय आहे. तिथे आरोप लेखी सांगावे लागतात, बाजू ऐकून घ्यावी लागते. पुनर्रचनेच्या नावाखाली शिक्षा दिली तर ती उघडी पडायला वेळ लागत नाही. दोन महिन्यांत मुलुंडला नवा 'शाखा व्यवस्थापक' नेमलात की तुमचं पत्र तिथेच खोटं ठरतं.

कारणाचा परिच्छेद असा लिहिता येईल:

> दोन्ही शाखांची खरेदी व स्टॉक १ तारखेपासून घाटकोपर येथून एकत्रितपणे पाहिला जाणार असल्याने मुलुंड येथील 'शाखा व्यवस्थापक' हे पद बंद करण्यात येत आहे. हा बदल शिस्तभंगाची कारवाई नाही व आपल्या कामाबद्दल कोणतीही तक्रार यामागे नाही. आपली सेवा मूळ रुजू तारखेपासून अखंड धरली जाईल.

शेवटचं वाक्य गाळू नका. अकरा वर्षं पुसली गेली की काय, ही भीती खरी असते.

त्यानंतर काय काढलं आणि काय राहिलं ते स्पष्ट लिहा. खरेदीची ऑर्डर देणं, पोरांच्या सुट्ट्या मंजूर करणं, ठरलेल्या मर्यादेवरची सूट देणं ही कामं गेली. काउंटर, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, नव्या पोरांना शिकवणं ही राहिली. 'आपली भूमिका अधिक केंद्रित होईल' असली गुळमुळीत भाषा नको. वाचणारा अकरा वर्षं धंद्यात आहे, त्याला सगळं कळतं.

आता पगार. समजा बेसिक १८,००० रुपये, घरभाडं भत्ता ६,००० आणि शाखा जबाबदारी भत्ता ४,०००. एकूण २८,०००. जबाबदारीच गेली तर तिचा भत्ता बंद करणं तर्काला धरून आहे. पण बेसिकला हात लावू नका. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात: पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १८,००० वर अकरा वर्षांचे साधारण १,१४,२३१ रुपये होतात. बेसिक १५,००० केलंत तर ९५,१९२. म्हणजे आज महिन्याला तीन हजार कापले, तर मागच्या अकरा वर्षांच्या कमाईतलेही एकोणीस हजार गेले. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला ग्रॅच्युइटी लागू होते, आणि आपल्या उदाहरणात चौदा आहेत.

भत्त्याचंही माझं मत सांगतो: तो लगेच तोडू नका. त्याला 'वैयक्तिक वेतन' म्हणून ४,००० तसेच चालू ठेवा, आणि पुढच्या पगारवाढी त्यातून वळत्या करा. पुढच्या वर्षी बेसिक १,५०० ने वाढलं, तर वैयक्तिक वेतन २,५०० वर येईल. हातात येणारी रक्कम घटत नाही आणि तुमचा खर्चही दोन-तीन वर्षांत जागेवर येतो. मात्र हा हिशोब पत्रातच लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी 'वाढ झाली, पण पगार तेवढाच' हे बघून दुसरं भांडण सुरू होईल.

यात कायद्याचीही बाजू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. तिच्या कलम ४० नुसार कामगाराचा पगार, भत्ते किंवा ग्रेड यात बदल करायचा असेल तर आधी ठरलेल्या नमुन्यात नोटीस द्यावी लागते, आणि नोटिशीनंतर २१ दिवसांच्या आत तो बदल करता येत नाही. "पण ते तर मॅनेजर आहेत, कामगार कुठे?" असं तुम्ही म्हणाल. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला फारशी किंमत नसते, दिवसभर प्रत्यक्ष काम काय करतात ते बघितलं जातं. आपल्याकडचे कितीतरी 'मॅनेजर' सकाळपासून रात्रीपर्यंत माल दाखवतात आणि एक सुट्टीही मंजूर करू शकत नाहीत. आणि आपल्या उदाहरणात तर तुम्ही स्वतःच व्यवस्थापनाची कामं काढून घेताय. म्हणजे उद्यापासून ते कामगाराच्या व्याख्येत येण्याची शक्यता तुम्हीच वाढवलीत. म्हणून २१ दिवस सोडूनच तारीख टाका, आणि पगार किंवा भत्ता खरंच कमी करणार असाल तर आधी कामगार कायद्याच्या सल्लागाराला पत्र दाखवा.

सगळ्यात जास्त दुखतं ते रिपोर्टिंग. नवा ऑपरेशन्स मॅनेजर वयाने लहान असतो, कधीकधी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यामुळे पत्रात नुसतं 'आपण यांना रिपोर्ट कराल' एवढं पुरत नाही.

> दैनंदिन कामाच्या सूचना, रजा व कामाचा आढावा यासाठी आपण ऑपरेशन्स मॅनेजर यांना रिपोर्ट कराल. त्यांच्याशी मतभेद झाल्यास आपण थेट मालकांकडे लेखी किंवा तोंडी मांडू शकता. काउंटरवरील कर्मचारी कामाच्या वेळेत आपल्या सूचना पाळतील. त्यांच्या रजा ऑपरेशन्स मॅनेजर मंजूर करतील.

आणि मग तुम्हीही ते पाळा. सवयीने तुम्ही मुलुंडला थेट जुन्या व्यवस्थापकांनाच फोन करता, "अमुक कुकर किती उरलेत?" दोन आठवडे असं चाललं की नव्या मॅनेजरला कोणी विचारत नाही आणि पोरं दोघांच्या मध्ये अडकतात. पत्राच्या तारखेलाच सॉफ्टवेअरमधले खरेदीचे आणि सूट देण्याचे अधिकार बदला, पुरवठादारांना नवा नंबर कळवा, आणि बँकेचे ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जात असतील तर तेही बदलून घ्या. हे हस्तांतर त्यांच्यासमोर आणि सहीनिशी करा. पाठीमागे पासवर्ड बदलला तर 'तक्रार नाही' या तुमच्या वाक्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पत्र आधी समोर बसून वाचून दाखवा, मगच द्या. स्टाफला सांगण्याआधी त्यांना कळलं पाहिजे. खाली सहीसाठी दोन वेगळ्या ओळी ठेवा: एक 'पत्र मिळाले', दुसरी 'बदल मान्य आहे'. पहिली सही त्याच दिवशी घ्या. दुसरीसाठी आठवडाभर द्या, घरी दाखवू द्या. पहिलीच सही नाकारली तर जबरदस्ती नको, तेच पत्र स्पीड पोस्टने घरच्या पत्त्यावर पाठवा आणि पावती फाइलला लावा. दुसरी सही आली नाही तर त्यांना नेमकं काय खटकतंय ते लेखी मागा. बऱ्याचदा ते पगार नसतोच. नव्या पदाचं नाव असतं, आणि ते बदलायला तुम्हाला एक रुपयाही लागत नाही.