सारांश आणि निष्पत्ती

‘मोत्सार्ट ऐकवला की मुले हुशार होतात’ हे वाक्य संगीतशिक्षकांच्या तोंडी वरचेवर येते. आधार दिला जातो तो १९९३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका पानाच्या शोधलेखाचा. १९९८ साली तर जॉर्जियाच्या राज्यपालांनी प्रत्येक नवजात बालकाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी पैसा मागितला!

शोधलेखाचा सारांश उत्तर म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून वाचावा. या लेखात पहिला परिच्छेदच सारांशाचे काम करतो. मोत्सार्ट दहा मिनिटे ऐकल्यावर लगेच दिलेली कोडी अधिक चांगली सुटली, असे तो म्हणतो. मग कोणाला सुटली, कोणती कोडी, कशाच्या तुलनेत आणि परिणाम किती वेळ टिकला? ही चार उत्तरे घेण्यासाठी थेट निष्पत्तीकडे जावे.

तेथे दिसते ते असे. ऐकणारे ३६ जण महाविद्यालयीन विद्यार्थी होते, बालके नव्हेत. कोडी होती घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा धर्तीची. बुद्ध्यंकाच्या मापात मोत्सार्टनंतर ११९, विश्रांतीच्या सूचनांनंतर १११ आणि शांततेनंतर ११० गुण पडले. परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही. शिवाय तुलनेला दुसरे संगीतच नव्हते. तेव्हा गुण मोत्सार्टचा की उल्हसित मनाचा, हे येथे ठरत नाही.

आता आपले वाक्य घेऊन त्यातील एकेक शब्द या उत्तरांशी ताडून पाहावा. ‘मुले’ टिकत नाही, ‘हुशार’ टिकत नाही, ‘होतात’ही टिकत नाही. उरते ते एवढेच : काही तरुणांना, एका प्रकारच्या कोड्यांत, थोडा वेळ लाभ झाला.