हप्ता, टप्पा आणि कपात

बांधकामाच्या करारात पैसे देण्याचे वेळापत्रक, कामाचे टप्पे आणि उशिराची भरपाई ही तीन कलमे वेगवेगळी असतात. साइट इंजिनिअरला ती एकच वाटली, तर बिल आणि वेळ दोन्ही हातचे जातात. एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक पाहू.

समजा, बुऱ्हाणपुरात पाण्याची उंच टाकी बांधायची आहे. किंमत 80 लाख, मुदत 1 एप्रिलपासून 12 महिने. हप्ते असे आहेत: पाया पूर्ण झाल्यावर 16 लाख, खांब पूर्ण झाल्यावर 20 लाख, उरलेले टाकी आणि चाचणीनंतर. टप्प्यांसाठी सरकारी करारांतली जुनी मोजणी घेतली आहे: पाव मुदतीत आठवा हिस्सा, अर्ध्या मुदतीत तीन अष्टमांश आणि पाऊण मुदतीत पाऊण काम. म्हणजे जूनअखेर 10, सप्टेंबरअखेर 30 आणि डिसेंबरअखेर 60 लाखांचे काम व्हायला हवे.

सप्टेंबरअखेर पाया पूर्ण आणि खांब अर्धवट, असे 24 लाखांचे काम झाले. हप्ता मात्र 16 लाखांचाच मिळेल, कारण अर्धवट खांबांना हप्ता नाही. टप्पाही 6 लाखांनी चुकला. करारात प्रत्येक चुकलेल्या टप्प्याला 1 टक्का लिहिला आहे, म्हणून 80,000 रुपये अडवले जातील.

येथे शब्द जपून वाचावा. ही रक्कम ‘रोखून ठेवली’ आहे, ‘कापून घेतली’ नाही. डिसेंबरअखेर 60 लाखांचे काम झाले, तर ती परत मिळते. ‘दंड झाला’ असे म्हणून इंजिनिअर हात टेकून बसला, तर परतीची संधी जाते.

आता, डिसेंबरचा टप्पा कसाबसा गाठून 80,000 परत मिळाले, पण काम 45 दिवस उशिरा संपले. भरपाईचा दर महिन्याला 1 टक्का, दिवसांच्या हिशेबाने. म्हणून 1,20,000 रुपये खरोखर कापले जातील. करारातली कमाल मर्यादा 10 टक्के, म्हणजे 8 लाख. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसारही करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. त्या आत, वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मागता येते.

उशीर आपला नसेल, तर तो लिहून दाखवावा लागतो. नेहमीचा पाऊस मुदतीत धरलेला असतो. मात्र तापीला मोठा पूर येऊन रस्ता बंद झाला, किंवा खात्याने नकाशा उशिरा दिला, तर ‘अडथळा नोंदवही’त तो कधी सुरू झाला, कधी संपला आणि कोणते काम थांबले हे त्याच दिवशी लिहावे. नोंदीवर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. करारात दिलेल्या दिवसांच्या आत मुदतवाढीचा अर्जही द्यावा. ‘पावसामुळे काम बंद’ एवढ्या नोंदीवरून किती दिवस द्यायचे, हे कोणालाच ठरवता येत नाही.