वाकलेला रॉड आणि नाकारलेला क्लेम

जुलैमधली संध्याकाळ, मुंबईतला एक सबवे. गाड्या मुंगीच्या पावलांनी पुढे सरकताहेत, पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलेलं. समोरून एक बस जोरात येते, पाण्याची लाट उठते आणि बॉनेटवर आपटते. गाडी एक हिसका देते, खालून 'खट्' असा आवाज येतो आणि इंजिन बंद पडतं. चालक उतरतो, चार माणसं धक्का मारून गाडी कडेला लावतात, रात्री टोइंगवाला ती गॅरेजमध्ये नेऊन टाकतो. महिन्याभरानं विमा कंपनीचं पत्र येतं: गालिचे, सीट आणि वायरिंगच्या सफाईचा खर्च मंजूर, इंजिनाचा दावा नामंजूर. कारण, 'हायड्रोस्टॅटिक लॉकमुळे झालेलं नुकसान हे परिणामी नुकसान असून ते पॉलिसीतून वगळलेलं आहे. ग्राहकाने इंजिन प्रोटेक्ट कव्हर घेतलेलं नाही.'

प्रसंग प्रातिनिधिक आहे, पण दर पावसाळ्यानंतर अशी पत्रं घरोघरी येतात. बहुतेक जण ते वाचून कपाळाला हात लावतात आणि गॅरेजचं बिल भरून मोकळे होतात. 'इंजिन प्रोटेक्ट घेतलं नव्हतं ना, मग संपलं' असं एजंटही सांगतो. ते खरंच संपलेलं असतं का, हे ठरवायचं तर आधी इंजिनात काय घडलं ते बघावं लागतं.

गॅरेजच्या भाषेत 'इंजिन पाणी प्यालं'. इंजिन हवा ओढतं ती एअर फिल्टरच्या नळीतून, आणि लाट त्या तोंडापर्यंत पोचली की हवेबरोबर पाणीही आत जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सगळा घोटाळा इथे आहे. १२०० सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घेतलं तर एका सिलिंडरचे ३०० सीसी होतात. दहास एक असं दाबाचं प्रमाण धरलं, तर पिस्टन अगदी वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा जेमतेम ३३ सीसी, म्हणजे पोहे खायचे दोन-तीन मोठे चमचे. तेवढ्याहून थोडं जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही. खालून मात्र वेगात फिरणारा क्रँकशाफ्ट त्याला ढकलत असतो. दोघांच्या मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात ही जागा आणखी कमी असते, म्हणून त्याला पाणी आणखी लवकर बाधतं.

या साऱ्याला एका सेकंदाचा अंश लागतो. चालकाला 'खट्' ऐकू येतं तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.

आता पॉलिसी. खासगी मोटारीच्या पॅकेज पॉलिसीचा मजकूर बहुतेक कंपन्यांकडे जवळपास सारखाच असतो, कारण तो जुन्या भारतीय मोटार टॅरिफमधून आलेला आहे. पहिल्या विभागात कोणत्या संकटांची भरपाई मिळेल त्याची यादी आहे: आग, चोरी, दंगल, भूकंप, आणि त्याच यादीत पूर, वादळ, जलमय होणं. खाली लगेच अपवाद येतात. कंपनी ज्यावर बोट ठेवते तो अपवाद 'परिणामी नुकसान, घसारा, झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड' असा एका दमात लिहिलेला आहे. एका बाजूला 'पुरामुळे झालेलं नुकसान देऊ' आणि दुसऱ्या बाजूला 'यांत्रिक बिघाड देणार नाही'. वाकलेला रॉड यातल्या कोणत्या खणात बसतो, एवढाच वाद आहे, आणि कंपनीला लिहायच्या पत्राचा सगळा भार या एका प्रश्नावर ठेवावा.

विमा कायद्याकडे याचं उत्तर शंभर वर्षांपासून आहे, आणि ते एका बुडालेल्या जहाजाच्या निमित्तानं मिळालं. जानेवारी १९१५ मध्ये 'इकेरिया' नावाच्या ब्रिटिश जहाजाला जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. जखमी जहाज फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात आणलं. तिथे वादळ झालं, जहाज धक्क्याशीच बुडेल या भीतीनं बंदराच्या अधिकाऱ्यांनी ते दुसरीकडे हलवायला लावलं. भरती-ओहोटीत ते वर-खाली होत राहिलं आणि शेवटी बुडालं. मालक म्हणाले, समुद्रानं बुडवलं. विमा कंपनी म्हणाली, टॉर्पेडोनं बुडवलं, आणि युद्धाचं नुकसान पॉलिसीत नाही. १९१८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला: काळानं सर्वांत जवळचं कारण शोधायचं नसतं, प्रभावानं सर्वांत बळकट कारण शोधायचं असतं. टॉर्पेडो लागल्यापासून जहाज त्या संकटातून बाहेर आलंच नव्हतं.

तो खटला कंपनी जिंकली. गंमत अशी की तेच तत्त्व आज गाडीवाल्याच्या बाजूनं उभं राहतं. रॉड वाकला हे काळाच्या हिशेबानं शेवटचं, पण त्याला वाकवणारी गोष्ट पाणी. मध्ये दुसरं स्वतंत्र कारण आलेलं नाही. लाट, नळी, सिलिंडर, रॉड ही एकाच घटनेची टोकं आहेत.

'परिणामी नुकसान' या शब्दांचाही एक ठरलेला अर्थ आहे. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडली म्हणून टॅक्सीवर झालेला खर्च, बुडालेला धंदा, गेलेली भाडी, हे परिणामी नुकसान. गाडीच्याच एका भागाला पाण्यानं केलेली मोडतोड त्यात ओढून आणणं म्हणजे शब्द ताणणं आहे. 'यांत्रिक बिघाड'चा सरळ अर्थही आतून आलेला दोष हाच: तेल संपून सीझ झालेलं इंजिन, झिजलेला टायमिंग बेल्ट. आणि अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर असतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये वेदिक रिसॉर्ट्सच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं आहे.

तेव्हा पत्राचा गाभा असा लिहिता येतो:

'आपण दिनांक अमुकच्या पत्राने इंजिनाचा दावा परिणामी नुकसान म्हणून नाकारला आहे. त्याच संध्याकाळी, त्याच पाण्याने गालिचे, सीट व वायरिंगचे झालेले नुकसान आपण पुरामुळे झाले म्हणून मान्य केले आहे. तेच पाणी हवेच्या नळीतून आत जाऊन इंजिन चालू असताना रॉड वाकला. पूर हे पॉलिसीत नाव घेऊन समाविष्ट केलेले संकट आहे आणि नुकसानीचे प्रभावी कारण तेच आहे. इंजिनात आधीपासून दोष होता असे आपल्या सर्व्हेअरने कोठेही नोंदवलेले नाही. इंजिन प्रोटेक्ट कव्हर उपलब्ध आहे एवढ्यावरून मूळ पॉलिसीने दिलेले संरक्षण कमी होत नाही. दावा पुन्हा तपासून मंजूर करावा व सर्व्हे अहवालाची प्रत द्यावी.'

यातलं सर्व्हेअरबद्दलचं वाक्य अहवाल हाती आल्यावर, तो वाचूनच लिहावं. आधी नुसती प्रत मागणारं दोन ओळींचं पत्र धाडलं तरी चालतं.

कंपनीचं खरं बळ दुसऱ्या एका आरोपात असतं: 'बंद पडल्यावर तुम्ही गाडी पुन्हा स्टार्ट केली.' पॉलिसीच्या अटींमध्ये गाडी जपण्याची वाजवी काळजी मालकानं घ्यावी आणि दुरुस्तीआधी ती चालवली तर वाढलेलं नुकसान त्याच्या माथी, असं आहे. हा आरोप हवेत सोडून देऊ नये, कारण त्याचं उत्तर इंजिन उघडल्यावर समोर दिसतं. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला दोन-तीनशे फेऱ्यांनी फिरवतो. पाणी भरलेल्या इंजिनावर तो बहुधा 'टक्' करून थांबतो. चालत्या इंजिनाचा वेग त्याच्या कितीतरी पट असतो, आणि त्या धक्क्यानं रॉड जोरात वाकतो किंवा तुटून ब्लॉकला भोकही पाडतो. शिवाय वाकलेला रॉड आखूड होतो, त्यामुळे पिस्टन पूर्वीइतका वर पोचत नाही. तशा अवस्थेत इंजिन बराच वेळ चाललं असतं तर सिलिंडरच्या भिंतीवर काजळीची दुसरी, खालची कडी पडली असती. ती नसेल, तर गाडी नंतर चालवली नाही याला तो एक पुरावा झाला. फिल्टरमधला गाळ, हवेच्या नळीतली मातीची रेघ, चहासारखं दुधाळ झालेलं ऑइल, हेही तसंच बोलतं. गॅरेजच्या इंजिनिअरकडून या गोष्टी सहीनिशी लिहून घ्याव्यात, फोटो काढावेत, आणि त्या दिवसाच्या पावसाची हवामान खात्याची नोंद व टोइंगची पावती पत्राला जोडावी.

एक मात्र कबूल करायला हवं. बंद पडलेली गाडी ज्यानं पाण्यातच पाच-सात वेळा किल्ली मारून पाहिली, किंवा पोलिसांचं बॅरिकेड ओलांडून जो पाण्यात शिरला, त्याची बाजू लंगडी आहे. पत्रात खोटं लिहून ती सावरत नाही. ग्राहक आयोगांचे या विषयावरचे निकाल एकसारखे नाहीत, आणि फरक बहुतेकदा इथेच पडतो.

रक्कमही वास्तव मागावी. साडेतीन वर्षांच्या गाडीत धातूच्या सुट्या भागांवर २५ टक्के, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापला जातो. झीरो डेप्रिसिएशन नसेल तर ही कपात स्वतःच करून आकडा लिहिला की मागणी अवाजवी वाटत नाही.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो ग्राहकाला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचं दार उघडंच राहतं. तिथली मुदत दोन वर्षांची. आणखी एक गोष्ट गाडीवाल्याच्या फायद्याची: नकाराच्या पत्रात जे कारण दिलेलं नाही ते कंपनीला पुढे नव्यानं काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सौराष्ट्र केमिकल्सच्या २०१९ च्या निकालात म्हटलं आहे. त्यामुळे ते पत्र फाडून टाकू नये, जपून ठेवावं.

आणि गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी बजावून ठेवावं: इंजिन उघडलं की वाकलेला रॉड आणि चिखलानं भरलेला फिल्टर पिशवीत बांधून ठेव, दाव्याचा निकाल लागेपर्यंत भंगारात देऊ नको.